स्क्रीनशॉटमधून पोस्टचा मजकूर उतरवणं: टेसरॅक्ट आठ महिने वापरल्यानंतर

रानभाज्यांची गावोगावची नावं गोळा करायचं काम मी गेल्या पावसाळ्यात हाती घेतलं. लोक हल्ली ही नावं वहीत लिहीत नाहीत, पोस्टमध्ये लिहितात. माझी गुहागरची मावशी आणि तिच्या मैत्रिणी मला एक्स, इन्स्टाग्राम, फेसबुकवरच्या पोस्टचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि मी त्यातला मजकूर तक्त्यात उतरवते. आतापर्यंत साडेसहाशेच्या आसपास झाले. पहिले चाळीस हाताने टाइप केले, मग चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामकडे वळले. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, मराठीचं मॉडेल तयार मिळतं. उबुंटूवर `tesseract-ocr-mar` हे पॅकेज घातलं की झालं.

देवनागरी ते चांगलं वाचतं. स्क्रीनशॉटमधली अक्षरं छापील पानापेक्षा स्वच्छ असतात, त्यामुळे जोडाक्षरंसुद्धा बहुतेक वेळा बरोबर येतात. माझा खरा वेळ वेगळ्याच गोष्टीत गेला. टेसरॅक्ट पडद्यावरचं सगळं वाचतं आणि त्यातलं पोस्ट लिहिणाऱ्याने काय लिहिलं हे त्याला माहीत नसतं. ते आपण ठरवायचं असतं, आणि मी सुरुवातीला ठरवलंच नव्हतं.

एक नमुना दाखवते. नावं आणि हँडल बदलली आहेत, बाकी निकाल जवळपास असाच आला होता:

```
रानातली माणसं © @handle1 · 6h
यंदा #टाकळा लवकर आला. कालच #टाकळा ची
भाजी केली, खोबरं सढळ हाताने.
#रानभाज्या #कोकण
0 14 {1 32 © 410 ih 9.2K
वैशाली @handle2 · 5h
आम्ही तरोटा म्हणतो
```

मी तेव्हा सगळ्या ओळी जोडून एका रकान्यात टाकत होते. त्यामुळे तक्त्यात 'कोकण, टाकळा, तरोटा' अशी नोंद झाली. मावशीने यादी वाचली आणि लगेच म्हणाली, "अगं, आमच्या गुहागरात तरोटा कोण म्हणतं?" बरोबरच होतं तिचं. तरोटा हे त्याच भाजीचं विदर्भातलं नाव. ते खालच्या उत्तरातून आलं होतं, लिहिणारी बाई वेगळी आणि गावही वेगळं. ज्या कामात कोणता शब्द कुठल्या माणसाचा हेच महत्त्वाचं, तिथे ही चूक म्हणजे नोंदच खोटी. त्या दिवशी मी आधीच्या एकशे दहा नोंदी पुन्हा काढून तपासल्या. एकोणीस ठिकाणी उत्तरातला शब्द मूळ पोस्टच्या नावावर गेला होता.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते: हा भाग त्या माणसाने ही पोस्ट लिहिताना त्या चौकटीत स्वतः टाइप केला का? वरच्या नमुन्यात या कसोटीला दुसरी, तिसरी आणि चौथी ओळ उतरते. पहिली उतरत नाही. 'रानातली माणसं' हे मराठीत आहे, वाचायलाही गोड आहे, पण ते खात्याचं नाव. ते नाव त्या बाईने उद्या बदललं तर जुन्या सगळ्या पोस्टवरही बदललेलंच दिसेल. त्यापुढचा © म्हणजे निळी खूण, चित्राला अक्षर समजल्याचा परिणाम. पाचव्या ओळीत उत्तरं, रिपोस्ट, लाइक आणि पाहणाऱ्यांचे आकडे आहेत आणि `{1`, `ih` हे त्यांच्या शेजारच्या चित्रखुणांचं वाचन. हे आकडे स्क्रीनशॉट काढला त्या क्षणाचे असतात, तासाभराने वेगळे दिसतील. मी ते वेगळ्या रकान्यात ठेवते, तारखेसकट.

हॅशटॅगच्या बाबतीत मी एकदा उलट्या बाजूला घसरले. हॅशटॅग म्हणजे शोधण्यासाठी लावलेली चिठ्ठी, मजकूर नव्हे, असं वाटून `#` ने सुरू होणारे सगळे शब्द काढून टाकायचा नियम लिहिला. नमुन्यातलं पहिलं वाक्य उरलं 'यंदा लवकर आला', आणि दुसरं 'कालच ची भाजी केली'. काय आला, कशाची भाजी? मराठीत लोक हॅशटॅग वाक्याच्या पोटात घालतात, त्याला विभक्तीही लावतात. म्हणून शेवटच्या ओळीतले सुटे हॅशटॅगसुद्धा मी मजकुरातच ठेवते. तेही तिनेच टाइप केलेत.

यातली एक बारीक गोष्ट मराठीची खास आहे. `#टाकळा ची` यातली मोकळी जागा चूक नाही. 'टाकळ्याची' असं नीट लिहिलं असतं तर टॅग `#टाकळ्याची` झाला असता आणि `#टाकळा` शोधणाऱ्याला ती पोस्ट त्या टॅगखाली सापडली नसती. म्हणून लोक मुद्दाम मूळ रूप ठेवतात आणि प्रत्यय तोडून लिहितात. माझ्यातली शुद्धलेखनवाली बाई ती जागा मिटवायला धावते. मिटवायची नाही. जसं दिसतं तसंच उतरवायचं, आणि शुद्ध रूप हवंच असेल तर शेजारच्या रकान्यात.

हँडलचंही दोन प्रकारे पाहावं लागतं. नावाशेजारचं हँडल मजकूर नाही. वाक्यात 'ही कृती @handle3 कडून शिकले' असं असेल तर तो मजकूर आहे. आणि उत्तराच्या वर 'Replying to' अशी ओळ दिसते ती अॅपने लावलेली असते, तिथलं हँडल मी घेत नाही. इन्स्टाग्रामवर सगळ्यात जास्त फसगत होते, कारण खात्याचं नाव ठळक अक्षरांत फोटोखालच्या मथळ्याच्या पहिल्याच ओळीला चिकटून येतं. टेसरॅक्टला ठळक-पातळ कळत नाही, त्याच्या दृष्टीने ते पहिलं वाक्यच. तिथे पहिला शब्द मी दर वेळी डोळ्याने पाहते. काही जण हॅशटॅग मथळ्यात न घालता खाली पहिल्या टिप्पणीत घालतात. माणूस तोच, तरी तो मथळ्याचा भाग धरत नाही, वेगळी नोंद करते.

आता कामाची पद्धत. अख्खा स्क्रीनशॉट वाचायला देऊन नंतर कचरा निवडण्यापेक्षा आधी मजकुराचा चौकोन कापून घेणं फार सोपं जातं. रात्रीच्या काळ्या पडद्याचा स्क्रीनशॉट असेल तर रंग उलटे करावेच लागतात, कारण टेसरॅक्टच्या चौथ्या आवृत्तीपासून पांढऱ्यावर काळी अक्षरं द्या असंच सांगितलेलं आहे. लहान अक्षरं दुप्पट मोठी केली की अनुस्वार आणि रफार सुटत नाहीत.

```
magick shot.png -crop 1000x460+40+330 +repage -negate -resize 200% body.png
tesseract body.png body -l mar+eng --psm 6
```

पहिली ओळ चित्र कापणाऱ्या इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीची आहे, त्यातले चार आकडे प्रत्येक फोनप्रमाणे बदलतात. रुंदी, उंची आणि डावीकडून व वरून किती सोडायचं ते. पांढऱ्या पडद्याला `-negate` काढून टाका. `mar+eng` दोन्ही लिहा, नुसतं `mar` दिलं तर हँडल आणि लिंक देवनागरीत वाचायचा प्रयत्न होतो. `--psm 6` म्हणजे हा एकसंध मजकूर आहे असं सांगणं, आणि कापलेल्या चौकोनाला ते लागू पडतं.

कापायच्या आधी मी नियमांनी साफ करत होते. नुसत्या आकड्यांनी सुरू होणारी ओळ म्हणजे लाइक, ती काढा. एका पोस्टमध्ये '2 वाट्या टाकळा, 1 कांदा' अशी कृती होती. साहित्याच्या ओळी गेल्या आणि फक्त 'चवीपुरतं मीठ' राहिलं.

इमोजी मात्र टेसरॅक्टला येत नाहीत. पानाचा इमोजी असेल तिथे `&` किंवा काहीच नाही. तो मजकुराचाच भाग असल्यामुळे हाताने घालावा लागतो. आकडेही तपासावेत, '२ वाट्या' चे '2' होऊन येतात आणि मी मूळ होते तसे परत करते.

ओळी कुठे तोडायच्या हा प्रश्न मला बरेच दिवस सुटत नव्हता. पडद्याच्या कडेला तुटलेली ओळ लिहिणाऱ्याची नसते, दुसऱ्या फोनवर ती दुसरीकडेच तुटेल. पण काहींनी एंटर मारून ओळ बदललेली असते. ओळखायची युक्ती सोपी निघाली: खालच्या ओळीतला पहिला शब्द वरच्या ओळीच्या उरलेल्या जागेत मावला असता का? नमुन्यात 'ची' नंतर 'भाजी' मावत नव्हती, म्हणून ती ओळ जोडायची. 'हाताने.' नंतर `#रानभाज्या` सहज मावला असता, तरी खाली आहे, म्हणजे तिथे तिने एंटर मारलाय. तो ठेवायचा.

एक्सच्या पोस्टसाठी आणखी एक तपासणी करते. नेहमीच्या पोस्टला 280 ची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे 'टाकळा' डोळ्याला तीन अक्षरं पण मोजणीत पाच. इमोजी दोन धरायचा आणि लिंक कितीही लांब असली तरी 23. उतरवलेला मजकूर या हिशेबाने 280 च्या वर गेला तर बहुतेक वेळा खालचं उत्तर किंवा आतल्या चौकटीतली दुसऱ्याची पोस्ट मजकुरात शिरलेली असते. पैसे भरून घेतलेल्या खात्यांना लांब लिहिता येतं, पण तिथे शेवटी 'Show more' दिसतं. ते शब्द मजकुरात येऊ द्यायचे नाहीत आणि नोंदीपुढे 'अपूर्ण' लिहायचं. शेवट आपल्या अंदाजाने पुरा करायचा नाही. मूळ पोस्ट मिळाली तर उघडून दुसरा स्क्रीनशॉट मागवते.

आतल्या चौकटीतली पोस्ट, म्हणजे दुसऱ्याची उद्धृत केलेली, ती स्वतंत्र ओळीत जाते, तिच्या लेखकाच्या नावावर. फोटोवर छापलेली अक्षरं वेगळ्या रकान्यात. अॅपने केलेलं भाषांतर घेत नाही. तिथे 'तरोटा' चं काहीही होऊ शकतं.

मावशीच्या मैत्रिणींना एक विनंती केल्यापासून निम्मा त्रास गेला: स्क्रीनशॉट फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की चित्र दाबलं जातं आणि निळ्या हॅशटॅगच्या कडा सर्वात आधी बिघडतात. `#` चा `ह` किंवा `8` होऊन आला की मी आधी फाइलचा आकार बघते.

सध्या एका पोस्टला दीड-दोन मिनिटं लागतात, हाताने टाइप करायला सहा-सात लागायची. पूर्ण आपोआप होईल या अपेक्षेने कुणी घेणार असेल तर घेऊ नका. कापणं आणि शेवटचं वाचणं माणसानेच करायचं आहे. माझ्या तक्त्यात आता 'उत्तरातला शब्द' असा एक वेगळा रकाना आहे, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या गावची नावं जास्त करून तिथेच सापडतात. तरोटा तिथेच बसला आहे, वैशालीबाईंच्या नावापुढे, गावाचा रकाना रिकामा. त्यांना विचारलंय, उत्तर आलं की भरेन.