चामखीळ म्हणून जाळलेल्या निरुपद्रवी ठिपक्यांचे ३२,००० रुपये

‘गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज’ असा फलक लावणाऱ्या दवाखान्यांचा धंदा कसा चालतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. तरीही शिश्नाच्या त्वचेवर बारीक पिवळसर दाणे दिसले आणि कोणाला विचारायची सोय नाही, अशा वेळी माणूस ओळखीच्या डॉक्टरांकडे न जाता जिथे कोणी ओळखत नाही तिथेच जातो. माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर त्यानेही हेच केले असते.

त्या गृहस्थाने दाण्यांवर काहीतरी आंबट वासाचे पाणी लावले, मोबाईलला भिंग जोडून ते पडद्यावर बटाट्याएवढे करून दाखवले आणि ‘हे एचपीव्ही या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूचे चामखीळ आहेत, पत्नीलाही झाले असणार’ असे बजावले. पाणी लावल्यावर त्वचा पांढरी पडणे हा चामखिळीचा पुरावा नव्हे. साध्या सुजलेल्या त्वचेवरही तसे होते. रक्त तपासूनही चामखिळीचे निदान होत नाही. ते डोळ्यांनी पाहून होते आणि शंका असेल तर त्वचेचा तुकडा तपासून. पण हे मला नंतर कळले.

जे मला तिथेच खटकायला हवे होते, ते वेगळे. ‘हे दाणे कॉलेजात असल्यापासून आहेत, तेवढेच आणि तसेच आहेत,’ असे मी त्याला सांगितले होते. खरा डॉक्टर या वाक्यावर थांबला असता, कारण चामखीळ काही महिन्यांत वाढते, संख्येने फोफावते, खरखरीत होते आणि कधी फुलकोबीसारखी दिसते; पंधरा-वीस वर्षे ती मोहरीपेक्षाही लहान राहून गप्प बसत नाही. त्याने मात्र ‘आता उसळी मारेल’ एवढेच म्हणून दरपत्रक पुढे केले. त्यावर ‘प्रति दाणा २५० रुपये’ असे छापलेले होते! रोगाची मोजणी नगावर होते हे वाचूनही मी उठलो नाही, कारण पत्नीला काय सांगायचे या एकाच विचाराने डोके भणभणत होते.

तपासणी ५०० रुपये, दोघांच्या रक्तचाचण्या ३,८००, माझे ७४ दाणे जाळण्याचे १८,५००, गोळ्या व मलम ४,२०० आणि पत्नीच्या ‘उपचारा’ची आगाऊ रक्कम ५,०००, असे एकूण ३२,००० रुपये गेले. पावती एकाचीही नाही. वर घरात जो संशयाचा धुरळा उडाला, त्याची किंमत कोणत्या दरपत्रकात मांडायची?

पत्नीच्या योनीच्या आतल्या ओठांवरही तसलेच पांढरट ठिपके होते. तिने मात्र तिथे हात लावू दिला नाही आणि थेट स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. बाईंनी तिला सांगितले, की या केसाविना असलेल्या तेलग्रंथी आहेत, बहुसंख्य प्रौढांना असतात, त्या संसर्गाने होत नाहीत आणि त्यांना उपचार लागत नाहीत. पुढे मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी उरलेल्या भागाची त्वचा दोन बोटांनी ताणली. ठिपके आणखी स्पष्ट झाले, पण बोट फिरवल्यावर खरखर लागली नाही. मग माझा वरचा ओठ उलटून आरशात तसलेच पिवळे कण दाखवले. जॉन ॲडिसन फोर्डाइस या अमेरिकी त्वचातज्ज्ञाने १८९६ मध्ये ओठांवर व गालाच्या आतील बाजूस असलेल्या या ठिपक्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना फोर्डाइस स्पॉट्स म्हणतात. औषध लिहून दिले ते फक्त जळालेल्या जखमांसाठी.

याचा अर्थ प्रत्येक दाणा सोडून द्यावा असा नाही. नवा, वाढणारा, खरखरीत किंवा रक्त येणारा दाणा तज्ज्ञांना दाखवलाच पाहिजे. खऱ्या चामखिळीवर मलम, गोठवणे, जाळणे असे रीतसर उपचार आहेत, आणि सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी मोफत होते. शिश्नमुंडाच्या कडेला ओळीने येणारे मोत्यासारखे दाणेही निरुपद्रवीच असतात. त्यांच्यावरही हा धंदा चालतो.

तक्रारीचे काय झाले, तेही ऐका. पोलीस ठाण्यात हवालदारांनी ‘नेमके कुठे जाळले?’ हा प्रश्न सर्वांसमक्ष, मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा विचारला आणि शेवटी हे आरोग्य खात्याचे काम असल्याचे सांगितले. आरोग्य कार्यालयात साहेब दौऱ्यावर होते. ते परतल्यावर म्हणाले, ‘पावती आणा.’ ज्याने फसवले त्यानेच पुरावा लिहून द्यावा, अशी ही अपेक्षा! दुसऱ्या कार्यालयाने तर तो नोंदणीकृत डॉक्टरच नाही, म्हणून त्याच्यावरील कारवाई आमच्या अखत्यारीत येत नाही, असे बेधडक सांगितले. म्हणजे पदवी असलेल्याला जाब विचारणार, आणि पदवीच नसलेला मोकळा. गुप्तरोग बरे करण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. त्याचा फलक मात्र रस्त्यावरून वाचता येतो.

पैसे रोख देऊ नका. जाळण्याची घाई करणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा आणि तो वैद्यकीय परिषदेच्या यादीत पडताळा. मी फलकाचे व दरपत्रकाचे छायाचित्र जोडून लेखी अर्ज दिला असून आवक क्रमांक घेतला आहे. कोणाकडे तसले दरपत्रक असेल तर त्यांनीही लेखीच द्यावे, तोंडी सांगितलेले तिथे कोणी लिहून घेत नाही.