फ्लू आणि सर्दी: एकाकडून किती जणांना?

कोणाकडेच प्रतिकारशक्ती नसताना एक रोगी सरासरी जितक्यांना लागण देतो, तो मूळ पुनरुत्पादन अंक, R₀. समजा, फ्लू आणि सर्दी दोन्हींचा तो 2 आहे. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे जुनी प्रतिकारशक्ती अपुरी पडते. 65 टक्के लोक लागण होण्याजोगे असतील, तर प्रत्यक्ष अंक 1.3. सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूंचे मात्र दीडशेहून अधिक प्रकार, एकेकाची वाट वेगळी. त्यातल्या एकाला 52 टक्केच लोक सापडले, तर अंक 1.04.

फरक किरकोळ वाटतो, पण तो लागणीच्या दर फेरीला गुणला जातो. तीन-तीन दिवसांच्या दहा फेऱ्यांनी, म्हणजे महिन्याभरात, 100 रोग्यांपासून फ्लूचे दहाव्या फेरीत सुमारे 1,380 नवे रोगी होतात, सर्दीचे जेमतेम 148. फ्लूची लाट उसळते. सर्दी वर्षभर धुमसत राहते.