गावचा टीव्ही अपडेट करायचाय : मोबाइलचा हॉटस्पॉट की पेनड्राइव्ह?

आमच्या गुहागरकडच्या घरी टीव्ही आहे, डिश आहे, पण इंटरनेट नाही. सेटटॉप बॉक्स चालू असूनही टीव्हीवर मधूनच ‘नो सिग्नल’ यायचं आणि एचडीएमआयची वायर काढून पुन्हा खोचल्याशिवाय चित्र परतायचं नाही. टीव्हीच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, नव्या आवृत्तीच्या माहितीत नेमका एचडीएमआयचा उल्लेख दिसला, म्हणून अपडेट करायचं ठरलं. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय.

हॉटस्पॉटची वाट सोपी, यात वाद नाही. टीव्ही आपलं मॉडेल ओळखतो, योग्य तीच फाइल उतरवतो, आपण फक्त ‘हो’ म्हणायचं. ज्यांच्या घरी मोबाइलला धड रेंज आहे त्यांनी खुशाल हेच करावं.

आमच्याकडे रेंज फक्त माडीच्या खिडकीत आणि टीव्ही खाली माजघरात. फोन खिडकीत टेकवून ठेवला, खाली आलो, टक्के मोजत बसलो. पहिल्यांदा साठाच्या आसपास अडकलं. पुन्हा सुरू केलं तर शून्यापासून! दुसऱ्यांदा ऐंशी ओलांडले आणि वर कुणाचा तरी फोन आला, डेटा तुटला, टीव्हीवर नेटवर्क एरर. परत शून्य. अर्धवट उतरलेलं जपून ठेवणं आमच्या टीव्हीला जमत नाही. तुमच्याला जमत असेलही. दीड जीबीचा रोजचा कोटा दुपारीच संपला आणि आई म्हणाली, “अरे, निदान मालिका तरी बघू दे.” माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पेनड्राइव्हच्या वाटेत ही रखडपट्टी गावी निघण्यापूर्वी पुण्यातच उरकते. लॅपटॉपवर डाउनलोड तुटलं तर बहुतेक वेळा तिथूनच पुढे सुरू होतं, आणि फाइल पूर्ण आली की नाही हे निघण्यापूर्वी कळतं. मात्र मॉडेल ओळखण्याचं काम आता आपलं. टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि शेवटच्या दोन-तीन अक्षरांसकट मॉडेल जुळवा. ती अक्षरं बऱ्याचदा देश किंवा पॅनेल सांगतात. सेटिंग्जमधल्या सध्याच्या आवृत्तीचाही फोटो घ्या, कारण तीच किंवा जुनी फाइल दिली तर टीव्ही सहसा ‘नवीन काही नाही’ म्हणतो आणि आपण उगाच पेनड्राइव्हला दोष देतो.

मीही आधी तेच केलं. 64 जीबीचा नवा पेनड्राइव्ह खोचला तर टीव्हीला त्यात काहीच सापडेना. दोन चुका निघाल्या. एक, तो exFAT फॉरमॅटचा होता; अपडेटच्या वेळी पुष्कळ टीव्हींना FAT32 च लागतं, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत 32 जीबीच्या वर तो पर्याय बहुधा दिसत नाही. जुना 16 जीबीचा काढला, प्रश्न मिटला. दुसरी चूक, झिप उघडताना कॉम्प्युटरने स्वतःचं एक फोल्डर बनवलं होतं आणि खरी फाइल त्याच्या पोटात होती. ती बाहेर, अगदी पहिल्या पातळीवर आणली. एलजीचं जरा वेगळं: तिथे LG_DTV याच नावाचं फोल्डर करून त्यात .epk फाइल ठेवायची. सॅमसंगमध्ये सॉफ्टवेअर अपडेटच्या मेनूत जाऊन यूएसबी निवडावं लागतं.

दोन्ही चुका सुधारल्यावर पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. वीज जाण्याचा धोका दोन्ही वाटांवर सारखाच, कारण फाइल लिहिली जात असताना टीव्ही बंद पडला तर तो पुन्हा उठेलच असं नाही. पण पेनड्राइव्हमुळे ही वेळ आपल्याला निवडता येते. मी टीव्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर घेतला आणि सकाळी उरकलं.

एका बाबतीत मात्र मी स्वतःच हॉटस्पॉट सुचवेन. स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींच्या फाइली कंपनीच्या साइटवर नसतात. मग लोक कुठून तरी मिळालेली फाइल भरतात. बोर्ड तोच पण पॅनेल वेगळं निघालं तर चित्र उलटं दिसतं, किंवा रिमोट चालेनासा होतो. अशा टीव्हीला रेंजच्या जागी न्या, नाहीतर सर्व्हिसवाल्याला बोलवा. आणि यूट्यूबसारखी ॲप जुनी झाल्याची तक्रार असेल, तर फर्मवेअरने ती मिटेलच असं नाही. ती वेगळी अपडेट होतात आणि त्यांना नेट लागतंच.

‘नो सिग्नल’ तेव्हापासून आलेलं नाही, निदान आईच्या बोलण्यात तरी नाही. फाइल पेनड्राइव्हवर राहिली तर काही टीव्ही तो खोचला की पुन्हा अपडेटचं विचारतात. म्हणून ती पुसली आणि त्याच पेनड्राइव्हवर आईला भजनं भरून दिली.