कागद खरा, माल विषारी: हळदीत 44,700 रुपये बुडाले, तुम्ही तरी सावध राहा

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटाने ‘वायगाव हळद, सेंद्रिय, लॅब टेस्टेड’ म्हणून 150 किलो पॉलिश हळकुंड 230 रुपये किलोने घेतलं. 34,500 रुपये रोख. दळाई 2,100, पाकिटं-लेबलं 3,900. शहरातल्या आयुर्वेदिक दुकानदाराने माल घेण्याआधी तपासणी मागितली, तिचे 4,200. रिपोर्ट आला: शिसं किलोमागे 410 मिलिग्रॅम. हळदीसाठी कायद्याची मर्यादा 10 आहे.

व्यापारी म्हणतो, जमिनीतूनच आलं असेल, नाहीतर तुमच्या चक्कीत आलं असेल. साफ खोटं. त्याच रिपोर्टात क्रोमियम 104 आहे. शिसं आणि क्रोमियम चारास एक या प्रमाणात सापडलं की तो लेड क्रोमेटचा रंग असतो, मातीतून असं प्रमाण येत नाही. हा रंग पॉलिशच्या ड्रमात टाकतात, म्हणजे फिकं, जुनं हळकुंड झगझगीत दिसतं. हिशेब केला तर 150 किलोला जेमतेम 96 ग्रॅम रंग लागला असेल. एवढ्यासाठी लोकांच्या पोटात शिसं! रोज दोन ग्रॅम हळद दुधातून घेणाऱ्याच्या पोटात 820 मायक्रोग्रॅम शिसं जातं. उकळून, भाजून ते कमी होत नाही. लहान लेकरांच्या मेंदूला ते सर्वात जास्त बाधतं.

आता व्यापाऱ्याने मालासोबत दिलेला तो लॅब रिपोर्टचा कागद. तो बनावट नव्हता, म्हणून तर राग येतो. प्रयोगशाळा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मान्यतेची, शिसं मर्यादेत, सही-शिक्का बरोबर. पण ‘नमुन्याचे वर्णन’ या रकान्यात लिहिलं होतं: हळकुंड, पॉलिश न केलेले, 250 ग्रॅम. आणि समोर पोत्यात पडलेलं हळकुंड आरशासारखं चकाकत होतं! रंग पॉलिशमध्ये चढतो आणि तपासणी पॉलिशच्या आधीच्या मालाची. बॅच नंबरच्या जागी नुसती रेघ होती. तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना ग्राहकाने आणून दिला, निष्कर्ष फक्त या नमुन्यापुरते’. हे वाक्य जवळपास प्रत्येक रिपोर्टवर असतं, म्हणून कोणीच वाचत नाही. बायांनी ‘मर्यादेत’ हा शब्द वाचला आणि विश्वास ठेवला. त्यात त्यांचं काय चुकलं? तो शब्द त्यासाठीच तर छापलेला असतो.

दुसरं पान तर त्याहून चलाखीचं. ‘कीटकनाशके: आढळली नाहीत.’ यादीत नावं किती? आठ, सगळी डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान अशा जुन्या जातीतली. आपल्याकडे शेजारच्या कपाशीवर फवारतात ते प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट, इमिडाक्लोप्रिड यादीतच नव्हतं. जे तपासलंच नाही ते आढळणार कुठून? रिपोर्ट हातात आला की आधी यादीतली नावं वाचा.

सेंद्रियच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स होती, तीही खरी. पण ती कोणत्या शेतकऱ्याची किती शेती कशी केली जाते एवढंच सांगते. विकलेल्या मालाला व्यवहार प्रमाणपत्र वेगळं लागतं, त्यावर किलो आणि खरेदीदाराचं नाव असतं. ते मागितलं की बरेच व्यापारी गप्प होतात. भौगोलिक मानांकन वायगावच्या हळदीला 2016 मध्ये मिळालं, पण ते गाव सांगतं, शिसं नाही. आणि लेबलवरचा एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर हा धंद्याचा परवाना आहे, त्या पोत्याची तपासणी नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. अन्न खात्याच्या कार्यालयात साहेब म्हणाले, पोतं फोडलेलं आहे, नमुना आम्ही घेतलेला नाही, तुमचा खासगी रिपोर्ट चालत नाही. वर ऐकवलं, की पाकिटावर नाव तुमच्या गटाचं, तेव्हा आधी कारवाई तुमच्यावर होईल! पोलीस ठाण्यात सांगितलं, हा पैशाचा वाद, कोर्टात जा. प्रमाणपत्रवाल्या संस्थेने फोनवर हात झटकले: आम्ही शेत तपासतो, गोदाम नाही. व्यापाऱ्याच्या रिपोर्टची प्रयोगशाळा म्हणाली, नमुना त्याने आणला, आम्ही काय करणार. सगळेच नियमाने बरोबर, आणि विष विकणारा मोकळा. खरेदीदाराला फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 40 तेच सांगतं. ते कार्यालयात कोणी आपणहून सांगितलं नाही.

माल घेताना अर्धी रक्कम तपासणीनंतर द्यायची, हे बिलावरच लिहून घ्या. नमुना पोत्याच्या वरून नको, दहा पोत्यांतून वर, मध्ये, तळाशी घ्या, एकत्र कालवा, तीन पुड्या करा, व्यापाऱ्यासमोर सील करून त्याची सही घ्या. एक पुडी प्रयोगशाळेत, एक तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. सही द्यायला का-कू केली तर तिथूनच परत फिरा. शक्यतो पॉलिश न केलेलंच हळकुंड घ्या. पाण्यात टाकून रंग बघायच्या युक्तीवर विसंबू नका, थोडा रंग त्यात कळत नाही.

आमची 31 पाकिटं गावात विकली गेली होती, घरोघर जाऊन परत आणली, सहा अजून मिळाली नाहीत. आमच्या पाकिटावर जून महिन्याची पॅकिंग तारीख असेल तर वापरू नका, गुरांच्या ढेपीतही मिसळू नका. घरातल्या लेकराने ती हळद खाल्ली असेल तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा. साध्या रक्त तपासणीत ते दिसत नाही, वेगळं लिहून घ्यावं लागतं.