कपाटावरचा लॉफ्ट : दहा महिन्यांनंतर

मनीषनगरमधला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. गेल्या नोव्हेंबरात मिस्त्री लावून बेडरूमच्या कपाटावर आणि स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटांवर स्लॅबपर्यंत लॉफ्ट करून घेतले. कपाट सात फूट, वर अडीच फूट लॉफ्ट, खोली दोन फूट. नुकताच पोळा झाला, म्हणजे वर्षभरातले बहुतेक सामान एकदा तरी वर जाऊन खाली आले. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

जागा भरपूर होते, यात वाद नाही. दोन रजया, चार ब्लँकेट, स्वेटरची बॅग, महालक्ष्म्यांच्या मखराचे सामान, दिवाळीच्या माळा, कूलरचा पंप, मोठे गंज आणि पराती, सगळे डोळ्यांआड गेले. पण वर ठेवलेली वस्तू जशीच्या तशी खाली येईल, हे मी गृहीत धरले होते. तिथे चुकले.

मे महिन्यात एक साधा डिजिटल थर्मामीटर लॉफ्टमध्ये ठेवून दिला. कूलर चालू असलेल्या खोलीत पारा पस्तीसच्या आसपास, आणि बंद लॉफ्टमध्ये 44. तोही दुपारी नाही, रात्री आठच्या सुमारास. स्लॅब दिवसभर उन्हात तापतो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास घेतो. लॉफ्टला दार लावले की आतली हवा कोंडते, कूलरचा वारा तिथे जातच नाही. मधल्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे हा प्रकार नाही, त्यामुळे पुढचे सगळे मुख्यतः टेरेसखाली राहणाऱ्यांसाठी.

पहिला फटका ब्लँकेटांना बसला. फेब्रुवारीअखेर ती उन्हात घालून वर ठेवताना मी घड्यांमध्ये डांबर गोळ्या टाकल्या. सासूबाईंनी वरून देवघरातल्या कापराच्या वड्या घातल्या. म्हणाल्या, "कापूर असला की कसर लागत नाही." दोघींनाही वाटले, दुहेरी बंदोबस्त झाला. ऑगस्टमध्ये पाहुणे आले म्हणून एक ब्लँकेट काढले, तर आत तळहाताएवढे तेलकट डाग. वरून गळती असेल म्हणून मी स्लॅबला हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत.

मग शंका आली म्हणून स्टीलच्या वाटीत एक डांबर गोळी आणि दोन कापूरवड्या एकत्र कुटल्या आणि पाऊस उघडल्यावर गच्चीवर उन्हात ठेवल्या. थोड्या वेळात वाटीत चक्क पाणी दिसायला लागले. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या असताना नागपूरच्या उन्हाळ्यातही घट्ट राहतात. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थलीन, ते 80 अंशांना वितळते आणि कापूर त्याच्याही कितीतरी वर. पण दोन्ही एकमेकांत मिसळले की मिश्रण बत्तीस-तेहतीस अंशांनाच पातळ होऊ शकते. आमच्या लॉफ्टमध्ये 44 होते, मग काय विचारता! ते द्रव उडून जाते म्हणून डाग पुष्कळ फिके झाले, तीन वेळा ऊन दिल्यावर वासही गेला. पण एका ब्लँकेटच्या सॅटिनच्या किनारीवर पिवळट कडा राहिली ती राहिलीच.

आता दोन्हींपैकी एकच, तेही लोकरीच्या कपड्यांतच, पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून. कसर खाते ती लोकर आणि रेशीम, कापसाच्या रजईला तिचे फारसे आकर्षण नाही. रजईसाठी मी आता फक्त दोन दिवस कडक ऊन दाखवते, पूर्ण थंड होऊ देते आणि जुन्या सुती लुगड्यात गुंडाळते. गरम असतानाच बांधली तर आत दमटपणा धरून बसते. हवा काढून घ्यायच्या प्लास्टिक पिशव्याही आणल्या होत्या. रजई निम्मी झाली खरी, पण जूनपर्यंत दोन पिशव्या पुन्हा फुगल्या होत्या, आणि सहा महिने चेपलेला कापूस पिंजल्याशिवाय वर येईना. स्वेटरला त्या ठीक आहेत.

दुसरा धडा लाकडी बैलाने दिला. तान्ह्या पोळ्याचा मुलाचा बैल चाकांचा, पांढऱ्या ऑइल पेंटचा, शिंगांना लाल रंग. घासू नये म्हणून मी तो फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून टेप लावून वर ठेवला. सणाच्या सकाळी उघडला तर पाठभर गोल गोल ठसे, देवीचे वण यावेत तसे! प्लास्टिक सोलताना मानेजवळचा रंगही निघाला. उष्णतेने पेंट मऊ होतो आणि प्लास्टिक त्याला चिकटते. टेपचा डिंक तर पाघळून सगळीकडे पसरला होता. मुलगा म्हणाला, "आई, याला काहून असे फोड आले?" घाईघाईने झूल मोठी शिवून पाठ झाकली आणि मिरवणुकीला गेलो. रंगवलेल्या वस्तूला आधी मऊ सुती कापड, त्यावर हवे तर प्लास्टिक, तेही सैल. मेणबत्त्या आणि सेल घातलेले दिवे मात्र लॉफ्टवर अजिबात नाहीत. सेल गळून एक तोरण आधीच वाया गेले आहे.

तिसरी गोष्ट वजनाची. आमच्या लॉफ्टचा तळ म्हणजे कपाटाचेच छत. 18 मिलिमीटरचा प्लाय, सहा फूट लांब, मध्ये आधार नाही. यांनी कॉलेजची पुस्तके चार खोक्यांत भरून वर चढवली, एकेक खोके पंधरा-सोळा किलोचे. एप्रिलमध्ये कपाटाची मधली दारे वर घासू लागली. बिजागरी सैल झाली म्हणून मी स्क्रू आवळत बसले. शेवटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला, तर मध्ये प्लाय आठ मिलिमीटर खाली बसलेला. खोकी उतरवल्यावर आठवड्याभरात अर्धाअधिक वर आला, उरलेला बाक कायमचा. मिस्त्रीला बोलावले तर म्हणाला, "इतकं वजन ठेवाल असं सांगितलंच नाही मॅडम." त्याचेही खरे. कपाटात बरोबर मध्ये उभी फळी ठोकली, ती लॉफ्टच्या तळाला टेकते. आता दारे सुटसुटीत लागतात. तुमचे काम अजून व्हायचे असेल तर दर तीन फुटांवर उभा आधार आधीच सांगा. जुन्या घरांसारखा सिमेंटचा सज्जा असेल तर हा प्रश्नच नाही.

आणखी एक, पंख्याचे. आमचे लॉफ्टचे एक दार पूर्ण उघडले की पात्याच्या फेऱ्यात येते. शिडीवर चढण्याआधी पंखा बंद करून स्विचवर कागद चिकटवतो, कारण खाली कुणीतरी सवयीने बटण दाबतेच.

स्वयंपाकघरातला लॉफ्ट मला तितकासा जमला नाही. फोडणीची वाफ वर जाते आणि दाराच्या फटीतून आत शिरते. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या परातीवर सहा महिन्यांत चिकट राप चढला, कागद परातीलाच चिकटला. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवलेले गंज मात्र स्वच्छ निघाले. गॅसच्या अगदी वरचा कप्पा, जिथून चिमणीचा पाइप जातो, तो आम्ही रिकामाच ठेवला आहे.

कूलरचा पंप बेडरूमच्या लॉफ्टवर चांगला राहिला, एक खोड सोडली तर. मार्चमध्ये काढला तेव्हा जाम होता, पाण्यातला क्षार आत वाळला होता. लिंबू-पाण्यात रात्रभर ठेवून आतला पंखा बोटाने फिरवला, तेव्हा सुटला. यंदा उतरवतानाच तसा धुऊन, वाळवून वर ठेवणार आहे. बैल सध्या शोकेसवर आहे, रंगाऱ्याची वाट बघत.