वापरानंतरचा अनुभव: लुकअहेड लिमिटर आणि स्नेअरचा ठोका

लिमिटर लावला की स्नेअर ड्रमचा आवाज मिक्समध्ये मागे जातो, अशी तक्रार केली तर सपोर्टचं उत्तर आलं, ‘प्लगइन पुन्हा इन्स्टॉल करा.’ चांगले पैसे मोजून घेतलेल्या लिमिटरबद्दल असं उत्तर मला चालत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

लुकअहेडला पुढचं दिसतं ते एकाच कारणाने: तो आवाज थोडा थांबवून ठेवतो. ५ मिलिसेकंद लुकअहेड म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २४० सॅम्पल. पीक मोजणारा भाग न थांबवलेला आवाज ऐकतो, बाहेर पडणारा आवाज २४० सॅम्पल मागे असतो. त्यामुळे पीक बाहेर येईपर्यंत गेन हळूहळू खाली आणायला वेळ मिळतो आणि क्लिपिंगची करकर होत नाही. हे काम तो खरंच सुरेख करतो.

आता माझी केस. लिमिटर ज्या पातळीवर आवाज अडवतो त्या सीलिंगच्या स्नेअर ६ डीबी वर जात होता. ठोक्याचा चढ जेमतेम १ मिलिसेकंदाचा, पण गेन ५ मिलिसेकंद आधीपासून उतरायला लागतो. त्या वेळात वाजणारी हायहॅटची शेपटी आणि बासही दबतात. हे ठोक्याआड बरंचसं लपतं, पण लांबलेल्या पॅडवर मात्र आवाज आत ओढल्यासारखा ऐकू येतो.

पहिले काही आठवडे मी सगळा दोष लुकअहेडला देत होतो. आता मत वेगळं आहे: स्नेअरचा आकार मुख्यतः रिलीज, म्हणजे दबलेला गेन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, ठरवतो. रिलीजचा टाइम कॉन्स्टंट १०० मिलिसेकंद असेल तर ३० मिलिसेकंदांनंतरही ४ डीबीहून जास्त कपात उरते. म्हणजे ठोका आणि त्याचं अंग जवळजवळ एकत्रच खाली जातात. आकार टिकतो, पण स्नेअर मिक्समध्ये मागे सरतो. तोच १० मिलिसेकंद केला तर तेवढ्या वेळात गेन जवळपास पूर्ववत होतो. टोक दबलेलं, अंग जसंच्या तसं, म्हणून ठोका बोथट होतो. शिवाय ६० हर्ट्झच्या किकची एक लाट सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. रिलीज तिच्याहून कमी ठेवला की गेन लाटेबरोबर हलतो आणि किक फाटते.

तपासायचं असेल तर लिमिटरच्या आधीचा आणि नंतरचा आवाज वेळेत जुळवून एकातून दुसरा वजा करा. उरलेल्यात फक्त ‘टक’ ऐकू आली तर ठीक. अख्खा स्नेअर ऐकू आला तर रिलीज लांब आहे.

मी सध्या लुकअहेड १.५ आणि रिलीज ६० मिलिसेकंदांवर ठेवलाय. लिमिटरच्या आधी, ड्रम बसवर, सॉफ्ट क्लिपरने ३ डीबी काढतो. क्लिपरची विकृती ठोक्याच्या टोकापुरतीच राहते आणि तिथे ती कानाला धारच वाटते. लिमिटरला मग अर्धंच काम उरतं.

माझा खरा राग वेगळाच आहे. लुकअहेडचं बटण दुसऱ्या पानावर दडवलंय आणि प्रत्येक प्रीसेट बदलला की ते परत ५ वर जातं. इतक्या किमतीत हे अक्षम्य आहे. अपडेटमध्ये हे सुधारलं नाही तर पुढची आवृत्ती मी घेणार नाही.