खोल कीड: नस उघडून झाकायची, की वरचा थर राहू द्यायचा?

एक्स-रेमध्ये कीड नसेच्या शिंगापर्यंत पोचलेली दिसते. थंड पाण्यानं कळ जाते आणि लगेच विरते. रात्री झोप मोडत नाही, ठोकून पाहिलं तर दुखत नाही. अशा दाढेला रूट कॅनॉल टाळायचं ठरवलं की दोन वाटा राहतात. एक म्हणजे सगळी कीड काढायची, नस उघडी पडलीच तर तिच्यावर थेट सिमेंट ठेवायचं: डायरेक्ट पल्प कॅपिंग. दुसरी म्हणजे नसेच्या वरचा शेवटचा किडका पण घट्ट थर मुद्दाम तसाच ठेवून वरून दात पक्का बंद करायचा: इनडायरेक्ट. मी दोन्ही करतो. प्रौढ माणसाच्या किडलेल्या दाढेत मात्र माझा हात आता इनडायरेक्टकडेच जातो. त्याचं कारण पुढे सांगतो, कारण ते पुस्तकात ठळक छापलेलं नसतं.

आधी निदान, कारण ते चुकलं तर दोन्ही वाटा सारख्याच फसतात. थंड टेस्ट भूल देण्याआधी करायची, आणि शेजारच्या किंवा समोरच्या बाजूच्या चांगल्या दाढेवरही करायची. किडक्या दाढेची कळ जरा तीव्र असली तरी चालेल, पण दाढेवर टेकवलेला थंड कापूस काढल्यावर काही सेकंदांत ती जायला हवी. ती अर्ध्या मिनिटानंतरही रेंगाळत असेल, दाढ आपोआप ठणकत असेल किंवा पेशंट रात्री उठून गोळी घेत असेल, तर विषय कॅपिंगच्या पुढे गेलेला असतो. तिथे पल्पोटॉमीचा, म्हणजे वरच्या कप्प्यातली नस काढून मुळांतली ठेवण्याचा, विचार करता येतो, पण तो वेगळा निर्णय आहे.

आता डायरेक्ट. त्याच्या बाजूनं बोलायचं तर युक्तिवाद भक्कम आहे. १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांतली नस उघडी करून तशीच सोडली. जंतूविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांमध्ये नसेनं स्वतःवर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, पूल बांधला, साध्या उंदरांमध्ये ती सडली. म्हणजे नस उघडी पडली म्हणून मरत नाही, जंतूंमुळे मरते. मग सगळी कीड काढून, थुंकी दूर ठेवणाऱ्या रबर डॅमच्या पडद्याखाली, स्वच्छ नसेवर चांगलं सिमेंट ठेवलं तर ती जगायला हवी. अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्सची २०२१ ची भूमिकाही सगळी कीड काढून नस डोळ्यांनी पाहण्याकडे झुकते. मला हे पटतं. सूक्ष्मदर्शक असेल आणि हात बसलेला असेल, तर ही वाट चुकीची म्हणता येणार नाही.

माझी अडचण रक्ताची आहे. नस उघडी पडली की सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हातानं दाबून धरायचा. पाच मिनिटांत रक्त थांबलं तर नस वाचण्याजोगी, नाही थांबलं तर आणखी आत जायचं, असा नेम. बोळा उचलला, तळ कोरडा दिसला, बायोडेंटिन हे सिमेंट ठेवलं, की कडेनं पुन्हा एक लाल रेघ वर येते. सिमेंट उचललं जातं. धुवायचं, पुन्हा बोळा, पुन्हा वाट. दाढेच्या मागच्या बाजूला कीड हिरडीखाली गेलेली असेल तर ते रक्त नसेचं की हिरडीचं, तेही नीट कळत नाही. बायोडेंटिन बसायला साधारण बारा मिनिटं लागतात, आणि त्या बारा मिनिटांत खाली काय चाललंय ते दिसत नाही. साधं एमटीए सिमेंट वापरलं तर बसायला पावणेतीन तासांच्या आसपास, म्हणजे त्या दिवशी वरचं फिलिंग तात्पुरतंच.

नुसता वेळ जातो म्हणून मी कंटाळलो असतो तर गोष्ट किरकोळ होती. खरा त्रास असा की सगळा निर्णय त्या रक्तावर टेकलेला असतो आणि रक्त थांबणं हे फार ढोबळ माप आहे. भुलीतल्या ॲड्रिनॅलिननंही ते लवकर थांबू शकतं. वर कोरडी दिसणारी नस थोडी खाली सुजलेली असू शकते. पेशंटला विचारावं तर तोंड बधिर. माझ्या दवाखान्यात पुढे बिनसलेल्या डायरेक्ट केसेसच्या नोंदी उलटून पाहिल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी रक्त दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोळ्याला थांबलं होतं. हा अभ्यास नव्हे, एका माणसाचा अनुभव आहे. पण माझं मन तिथून वळलं.

इनडायरेक्टमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे कौशल्य लागतं ते कुठे थांबायचं हे ओळखण्याचं. एक केस तपशिलानं सांगतो. अठरा वर्षांची कॉलेजची मुलगी, खालची उजवी पहिली मोठी दाढ, मागच्या बाजूनं शिरलेली कीड. थंडला तीव्र कळ, पण लगेच जाणारी. एक्स-रेमध्ये कीड आणि नसेच्या शिंगाच्या मधे डेंटिनची बारीक पण सलग पट्टी दिसत होती. आईचा पहिला प्रश्न नेहमीचाच: "डॉक्टर, नस काढावी लागेल का?" मी म्हटलं, "ताई, नस जिवंत आहे, वाचवून बघू. पण वाचली की नाही ते मी वर्षभरानं सांगेन."

भूल, मग रबर डॅम. एरोटरनं दात उघडून आधी फक्त बाजूच्या भिंती साफ केल्या, तळाला हात लावला नाही. भिंतीवर प्रोब ओढल्यावर कर्रर्र असा आवाज आला पाहिजे, इतकं डेंटिन कडक मिळेपर्यंत. हिरडीकडची कडा सगळ्यात जास्त वेळ खाते आणि तिथेच घाई होते. हा कडक घेर हेच उद्या दात बंद ठेवणारं झाकण आहे. भिंती नीट झाल्यावर तळ. मोठा गोल बर कमी वेगावर आणि नंतर स्पून. वरचा ओला लगदा गोळ्या होऊन निघाला. त्याखाली स्पूनला चिवट पापुद्रे येऊ लागले. रंग गडद तपकिरी होता, पण रंगावर मी जात नाही, हाताला काय लागतं त्यावर जातो. जुनी, थबकलेली कीड काळी असूनही कडक असते आणि ताजी कीड फिकी असूनही मऊ. कीड रंगवून दाखवणारा डाय वापरला असता तर हा थरही रंगला असता आणि मी थेट नसेत पोचलो असतो. शिंगाच्या वर तो चिवट थर राहू दिला. धुतलं, हवेचा जोरदार फवारा न मारता टिपून घेतलं, वर ग्लास आयोनोमरचा थर आणि त्याच बैठकीत काँपोझिट.

सहा महिन्यांनी थंड टेस्ट शेजारच्या दाढेइतकीच. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळेपणा नाही, दाताभोवतीची पांढरी रेघ सलग. वर्षानंही तेच, आणि तेव्हा मी त्या ताईंना उत्तर दिलं.

"कीड आत ठेवून बंद केलं" हे ऐकून पेशंटच काय, सहकारीही चपापतात. पण वरून अन्न मिळणं बंद झालं की राहिलेले जंतू बहुतांशी निष्क्रिय होतात. नस आतून नवं डेंटिन टाकत राहते आणि चिवट थर हळूहळू कडक होतो. सगळा भार त्या बंदोबस्तावर असतो. फिलिंग कडेनं गळू लागलं तर गणित बिघडतं. म्हणून जिथे कडा कोरडी ठेवता येत नाही, तिथे मी ही पद्धत वापरत नाही.

इथे एक मोह असतो: आज तात्पुरतं भरू, काही महिन्यांनी उघडून उरलेली कीड काढू. ही दोन टप्प्यांची पद्धत वाईट नाही, पण पेशंट परत येत नाहीत आणि तात्पुरतं फिलिंग झिजतं. ब्राझीलमधल्या माल्ट्झ आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत तीन वर्षांनी एका टप्प्यात बंद केलेल्या दाढांपैकी ९१ टक्क्यांची नस जिवंत होती, दोन टप्प्यांच्या गटात ६९ टक्क्यांची. दोन टप्प्यांच्या गटातल्या फसलेल्या केसेसमध्ये दुसऱ्या टप्प्याला न आलेल्यांचा मोठा वाटा होता. पेशंट दुसऱ्या गावाहून येणारा असेल, तर मी एकाच बैठकीत संपवतो.

डायरेक्टचे आकडे ठेवायचे तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतल्या रोजच्या दवाखान्यांमधली चाचणी मला जवळची वाटते. तिथे दोन वर्षांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडखाली ३१.५ टक्के आणि एमटीएखाली १९.७ टक्के केसेस फसल्या. याची माल्ट्झच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये, दाढा वेगळ्या आणि पेशंट वेगळे. तरी एक गोष्ट सरळ घ्यावी: डायरेक्ट करायचंच असेल तर जुनं कॅल्शियम हायड्रॉक्साइड कपाटातच राहू द्या. त्याखाली बनणाऱ्या पुलात भोकं राहतात आणि ते काळानुसार विरघळतं.

डायरेक्ट मला कुठे योग्य वाटतं? कीड संपलेली आहे, तळ कडक आहे, आणि शेवटच्या क्षणी बरनं टाचणीच्या टोकाएवढी नस उघडली. किंवा पडून दात तुटला आणि मुलगा त्याच दिवशी आला. इथे नसेवर जंतूंचा लोंढा आलेला नसतो. तिथे मी बिनदिक्कत बायोडेंटिन ठेवतो. पुढच्या दातात एमटीए टाळतो, कारण बिस्मथ ऑक्साइड असलेलं एमटीए हायपोक्लोराइटशी आणि रक्ताशी संपर्क आला की दात राखाडी करतं.

माझ्या आवडत्या पद्धतीची हद्दही सांगायला हवी. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टोलॉजीनं २०१९ मध्ये खोल कीड आणि अतिखोल कीड असा फरक केला. पहिल्यात एक्स-रेवर कीड आणि नस यांच्यात डेंटिनची पट्टी दिसते, दुसऱ्यात कीड सगळी जाडी ओलांडून गेलेली असते. दुसऱ्या प्रकारात चिवट थर सापडेल या आशेनं थांबत बसू नये, कारण तिथे तळाशी लगदाच असतो आणि त्याखालची नस आधीच दूषित असते. तिथे नस उघडणारच असं धरून तयारीनं जायचं: रबर डॅम आधीच, भिंग डोळ्यांना, निर्जंतुक नवा बर. नस उघडली की नुसती झाकत न बसता वरचा दोनेक मिलिमीटर भाग पाण्याच्या धारेखाली हाय-स्पीड डायमंडनं काढायचा, मग पुन्हा बोळा आणि पाच मिनिटं. तेव्हाही रक्त थांबलं नाही तर वरच्या कप्प्यातली सगळी नस काढून मुळांच्या तोंडाशी पुन्हा पाहायचं. तिथेही थांबलं नाही, किंवा एखाद्या मुळाच्या तोंडाशी रक्तच दिसलं नाही, तर त्याच बैठकीत रूट कॅनॉल सुरू करायचं. पेशंटला ही शक्यता खुर्चीत बसण्याआधीच सांगून ठेवलेली असावी.